मी गेलो की बॅकअपही जाणार होता!

शुक्रवारी माझा इथला शेवटचा दिवस. आज दिवसभर हँडओव्हर लिहीत बसलो. सर्व्हरची यादी तासाभरात झाली, अडलो ते रात्री आपोआप चालणाऱ्या कामांपाशी.

`crontab -l` फक्त आपल्याच खात्यातली कामं दाखवतं. म्हणून रूट होऊन सगळ्यांची बघितली. तर काय, डेटाबेसचा बॅकअप माझ्या वैयक्तिक खात्यातून चालतोय! चार वर्षांपूर्वी 'तात्पुरता' म्हणून मीच लावलेला. शनिवारी माझं खातं बंद झालं असतं की बॅकअपही बंद. कुणाला कळलंही नसतं, कारण एरर मीच `/dev/null` मध्ये ढकलत होतो.

मग जुन्या फाइली तपासल्या. त्यातल्या दोन फक्त 20 बाइटच्या! `pg_dump` फसला तरी पुढचा `gzip` रिकामी फाइल गुंडाळून 'झालं' म्हणतो आणि स्क्रिप्ट त्याचंच ऐकते. म्हणून बॅश स्क्रिप्टच्या वर ही ओळ घातली:

```
set -o pipefail
```

काम वेगळ्या सेवाखात्यात हलवलं, तर पहिल्याच फेरीत आपटलं. पासवर्डची `.pgpass` फाइल माझ्याच होम डिरेक्टरीत राहिलेली. ती हलवली, परवानगी 0600 केली, तेव्हा चाललं.

हे सगळं 'माहीत असलेले धोके' या भागात लिहिलंय, माझ्या चुकांसकट. लाज वाटली थोडी. उद्या माझ्या जागी येणारीला शेजारी बसवून कालचा बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर तिच्याच हातून रिस्टोअर करून घेणार आहे. मी फक्त चहा पिणार.