आमची वाटचाल : दोनशे रुपयांच्या आतली विक्री आणि मुलीने पकडलेला जादा कर

बुधवार पेठेतलं आमचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांवर चालतं. वायरची बंडलं आणि एमसीबी नेणाऱ्या कंत्राटदारांना जीएसटी क्रमांकासह बिल लागतं. पेठांमधल्या वायरमनला आणि घरगुती गिऱ्हाइकाला एखादी चिकटपट्टी, होल्डर, टू-पिन किंवा पंख्याचा कंडेन्सर हवा असतो. ही दुसरी विक्री एकेका वेळेला चाळीस, साठ, फार तर दीडशे रुपयांची. सेल्स टॅक्स गेला, १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. पण काउंटरवर सांगायचा भाव तेव्हाही सगळे कर धरून होता आणि आजही तसाच आहे. पाकिटावर छापलेल्या एमआरपीतही सगळे कर आलेलेच असतात.

जीएसटी कायद्यात या लहान विक्रीसाठी सोय आहे. रक्कम दोनशेच्या आत असेल, गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल आणि तो बिल मागत नसेल, तर प्रत्येकाला वेगळं बिल देण्याची सक्ती नाही. दिवसाअखेर अशा सगळ्या विक्रीचं मिळून एक एकत्रित बिल करायचं. आमच्याकडे ही विक्री गल्ल्याशेजारच्या वहीत लिहिली जाते आणि संध्याकाळी बेरीज संगणकात जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बिलांची नवी प्रणाली बसवली, तेव्हापासूनची चूक याच एका नोंदीत होती. मुलीने ती २०२४-२५ ची वर्षाची पुस्तकं जुळवताना शोधली.

ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. आमचे अर्धवेळ हिशेबनीस, ज्यांना ती काका म्हणते, ताळेबंदाच्या तयारीत होते आणि तिच्याकडे मालकाच्या उचलीचं खातं तपासायचं काम आलं होतं. बँकेतून काढलेले पैसे, घरच्या विजेचं बिल, विम्याचा हप्ता, सगळ्यांना कागद होता. फक्त दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला रोख खात्यातून उचलीत टाकलेली, साडेदहा हजारांच्या आसपासची एक रक्कम होती. व्हाउचर नाही, तपशिलात नुसतं ‘घरखर्च’.

काकांनी कारण सांगितलं. महिनाअखेरीला पुस्तकातली रोख शिल्लक गल्ल्यातल्या नोटांपेक्षा जास्त निघायची. दुकानदार गल्ल्यातून घरी पैसे नेतोच, म्हणून तो फरक ते उचलीत टाकत. लहान दुकानांच्या पुस्तकांत हे सर्रास होतं आणि बहुतेक वेळा खरंही असतं. पण घरी नेलेले पैसे दर महिन्याला इतक्या सारख्या रकमेचे कसे, हे तिला पटेना. दिवाळीत घरखर्च वाढतो, पण या रकमेत तसा काही चढउतार नव्हता. काउंटरची विक्री जितकी हलायची तितकीच ती हलायची.

मग तिने गल्ल्याची वही घेऊन एकच दिवस तपासला. इथले आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, प्रमाण खरं आहे. त्या दिवशी दोनशेच्या आतली विक्री २,३६० रुपये होती. संगणकातलं एकत्रित बिल मात्र २,७८४.८० रुपयांचं.

चूक कुठे होती ते या दोन आकड्यांत दिसतं. २,३६० मध्ये कर आधीच होता. नेहमीची वस्तुनिहाय बिलं करताना प्रणालीत ‘दर करासह’ अशी निवड केलेली होती, त्यामुळे ती बरोबर निघत. एकत्रित बिलात मात्र वस्तू निवडायची नसते, ‘काउंटर विक्री’ या खात्यात नुसती रक्कम टाकायची असते, आणि तिथे ही निवड लागू नव्हती. प्रणालीने २,३६० ही करापूर्वीची किंमत धरली आणि तिच्यावर १८ टक्क्यांचे ४२४.८० रुपये चढवले. हे वरचे पैसे गिऱ्हाइकाने कधी दिलेच नव्हते. पुस्तकात रोज इतकी रोख जमा होत राहिली आणि महिन्याला पंचवीस दिवसांचे १०,६२० रुपये झाले. उचलीतला साडेदहा हजारांचा आकडा तो हाच.

ही चूक शोधायला अवघड का, हे इतर दुकानदारांनी लक्षात घ्यावं. कर आणि करपात्र रक्कम यांचं प्रमाण तपासलं तर ते चोख १८ टक्के येतं. विवरणपत्र आणि पुस्तक एकमेकांशी जुळतं, कारण दोन्हीकडे तोच चुकलेला आकडा असतो. करपात्र रक्कम अधिक कर ही बेरीज गिऱ्हाइकाकडून प्रत्यक्ष आलेल्या पैशांशी, म्हणजे रोख आणि यूपीआय मिळून, लावली तरच चूक दिसते.

दुरुस्ती करताना आणखी एक चूक होता होता राहिली. काकांनी कच्च्या कागदावर २,३६० मधून १८ टक्के वजा करून करपात्र रक्कम १,९३५.२० लिहिली.

मुलगी म्हणाली, “काका, यावर १८ टक्के लावून बघा.”

३४८.३४ आले. बेरीज २,२८३.५४ झाली, म्हणजे ७६ रुपयांहून जास्त रक्कम कुठेच बसेना. १८ टक्के हे करापूर्वीच्या किमतीचे असतात, करासह किमतीचे नव्हेत. जीएसटीच्या नियम ३५ मध्ये सूत्र दिलेलं आहे: करासह रक्कम गुणिले दर, भागिले शंभर अधिक दर. म्हणजे २,३६० × १८ ÷ ११८ = ३६०. करपात्र रक्कम २,०००, केंद्राचा कर १८०, राज्याचा १८०. बेरीज पुन्हा २,३६०.

खरा कर ३६०, भरलेला ४२४.८०, दिवसाला ६४.८० जादा. महिन्याला १,६२० आणि वर्षाला १९,४४०. पण माझ्या मते मोठा धोका जीएसटीचा नव्हता, नफ्याचा होता. वर्षभरात लहान विक्रीतून ७,०८,००० रुपये आले. त्यातली खरी विक्री ६,००,००० आणि कर १,०८,०००. पुस्तकात मात्र ७,०८,००० ही सगळीच विक्री म्हणून उभी होती. म्हणजे नफा १,०८,००० रुपयांनी फुगला होता आणि ताळेबंद तसाच गेला असता तर न कमावलेल्या पैशांवर प्राप्तिकर बसला असता. किरकोळ सामानावर या वर्षी नफा चांगला सुटला, असं आम्हाला वाटत होतं. त्याचाही खुलासा झाला.

पुस्तकातली दुरुस्ती ३१ मार्चच्या एका जर्नल नोंदीने झाली. विक्री खाते नावे १,०८,०००. ‘जादा भरलेला जीएसटी येणे’ या खात्यात केंद्राचे ९,७२० आणि राज्याचे ९,७२० नावे. समोर मालकाची उचल जमा १,२७,४४०. उचलीतल्या बारा नोंदींची बेरीजही बरोबर इतकीच होती, आणि ही बेरीज जुळली तेव्हा दुसरी कुठली चूक त्यात मिसळलेली नाही याची खात्री पटली.

विवरणपत्राची दुरुस्ती जास्त काळजीची. आर्थिक वर्षातल्या चुका ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर सुधारता येतात. आमच्यासाठी ती तारीख ३० नोव्हेंबर २०२५ होती. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकांच्या विक्रीची दुरुस्ती जीएसटीआर-१ च्या तक्ता १० मध्ये होते, आणि ती मूळ महिन्यावार करावी लागते. तिथे फरकाचा आकडा टाकायचा नसतो, त्या महिन्याचा त्या दराचा पूर्ण सुधारित आकडा टाकायचा असतो. समजा एप्रिलची अशी एकूण करपात्र विक्री २,४०,००० दाखवली होती. त्यात नीट केलेली बिलंही आहेत आणि एकत्रित बिलांचे चुकलेले ५९,०००ही आहेत, जे खरं तर ५०,००० हवे होते. तर सुधारित आकडा २,३१,०००. इथे कोणी नुसते ५०,००० टाकले तर नीट बिलांची १,८१,००० ची विक्री पुसली जाईल आणि नोटीस येईल. आधी बारा महिन्यांचा जुना आकडा, वजावट आणि नवा आकडा असा कागदी तक्ता केला आणि मगच पोर्टल उघडलं. कमी झालेला कर, ज्या महिन्याच्या विवरणपत्रात दुरुस्ती दाखवली त्या महिन्याच्या देण्यातून वजा होतो, म्हणून देणं पुरेसं मोठं असेल असा महिना निवडायचा किंवा दुरुस्ती दोन महिन्यांत विभागायची.

हे पैसे परत घ्यायचा हक्क आहे का, असा प्रश्न घरात निघाला. गिऱ्हाइकाकडून वसूल केलेला कर दुकानदाराला परत मिळत नाही, हे बरोबरच आहे. इथे गिऱ्हाइकाने २,३६० च दिले होते आणि त्यातला कर ३६० च होता. वरचे ६४.८० दुकानाच्या खिशातून गेले. पण हे दाखवायला पुरावा लागतो, म्हणून गल्ल्याच्या वह्या आणि यूपीआयची महिनावार विवरणं त्या तक्त्याला जोडून ठेवली आहेत. वही फाडून टाकायची सवय असलेल्यांना हा मुद्दा सिद्ध करणं जड जाईल.

ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४ या सहा महिन्यांचं काय? त्या वर्षाची दुरुस्तीची मुदत ३० नोव्हेंबर २०२४ लाच संपली होती. तिथे परताव्याचा अर्ज, म्हणजे आरएफडी-०१, ‘जादा भरलेला कर’ या कारणाखाली करावा लागतो, कर भरल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत. ऑक्टोबरचा कर २० नोव्हेंबर २०२३ ला भरलेला, म्हणून त्याची मुदत सर्वांत आधी संपणार होती. आमची प्रणाली २०२२ च्या आधीची असती तर हिशेब आणखी किचकट झाला असता, कारण एलईडी दिव्यांवर १७ जुलै २०२२ पर्यंत १२ टक्के कर होता आणि वहीतल्या बेरजेला एकच दर लावता आला नसता.

या अर्जातही मुलीने एक गोष्ट वेळेवर पाहिली. एक हजाराच्या आतला परतावा दिला जात नाही, आणि ही मर्यादा केंद्राच्या व राज्याच्या कराला वेगवेगळी लागते. आमची महिन्याची जादा रक्कम १,६२०, म्हणजे प्रत्येकाकडे ८१०. महिन्यावार अर्ज केले असते तर सहाच्या सहा फेटाळले गेले असते. एकाच आर्थिक वर्षातले महिने एका अर्जात घेता येतात, म्हणून सहा महिन्यांचा मिळून एकच अर्ज केला: केंद्राचे ४,८६० आणि राज्याचे ४,८६०.

आता एकत्रित बिल थेट रकमेने केलं जात नाही. प्रणालीत ‘किरकोळ विक्री १८ टक्के’ नावाची एक वस्तू बनवली आहे, तिला ‘दर करासह’ लावलं आहे आणि संध्याकाळची बेरीज तिच्या दरात टाकली जाते. बिल छापलं की त्याची एकूण रक्कम वहीतल्या बेरजेसमोर लिहायची आणि दोन्ही आकडे सारखे असतील तरच त्या दिवसाच्या पानावर सही करायची.