कोंडा नव्हताच तो!

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, डोक्यात पांढरे कण परत आले म्हणून मी टाळूचं स्क्रब आठवड्यातून दोनदा करायला घेतलंय. ते साफ चुकलं. तिसऱ्या आठवड्यात साध्या शाम्पूचा फेसही झोंबायला लागला, कानामागे लाल झालं, आणि कण होते तेवढेच.

परवा रात्री आरशासमोर भांग पाडताना पाहिलं, तर कण फक्त भांगाच्या रेषांवर होते, जिथे रोज रात्री टाळूला लावायच्या सिरमचा ड्रॉपर टेकतो तिथेच. मानेकडे एकही नाही. मग दोन-चार कण काळ्या ताटलीत घेतले, वर पाण्याचा थेंब टाकला आणि बोटाने चोळले. आधी चिकट झाले, मग विरघळून गेले! कोंड्याची खपली मऊ पडते, पण विरघळत नाही. म्हणजे इतके दिवस मी वाळलेलं सिरमच खरवडत होते.

कारण आता उघड आहे. नायसिनमाइडच्या या सिरममध्ये दाटपणासाठी गम असतो. मी रोज रात्री पूर्ण ड्रॉपर रिकामा करायचे आणि डोकं तीन दिवसांनी सौम्य, सल्फेट नसलेल्या शाम्पूने धुवायचे. वर शनिवारची खोबरेल तेलाची चंपी. थरावर थर चढत गेले. स्क्रबचं काम सुटलेली मृत त्वचा काढायचं, क्लॅरिफायिंग शाम्पूचं काम तेल आणि उत्पादनांचे थर धुवायचं. मी एकाचं काम दुसऱ्याला लावत होते.

काल क्लॅरिफायिंग वापरला. एकदा फेस करून धुतला, दुसऱ्यांदा फक्त टाळूवर बोटांच्या टोकांनी मिनिटभर चोळला, आणि कंडिशनर केसांच्या खालच्या अर्ध्या भागालाच लावला. आज सकाळी काळा कुर्ता स्वच्छ! किती दिवसांनी!

आता सिरम एक दिवसाआड, अर्धा ड्रॉपर, कोरड्या टाळूवर. क्लॅरिफायिंग दोन आठवड्यांतून एकदा ठरवला होता. पण लिहितानाच सुचतंय, तो चंपीच्या दुसऱ्या दिवशीच ठेवावा, म्हणजे तेल आणि थर एकदमच निघतील. मग चंपीही पंधरवड्यानेच. स्क्रब महिन्यातून एकदा, आणि क्लॅरिफायिंगच्या दिवशी कधीच नाही. तोही दाणेदार नको. अक्रोडाच्या सालीच्या भुग्याने ओरखडे पडतात असं माझं ठाम मत आहे. सॅलिसिलिक ॲसिडचा पातळ स्क्रब बरा.

ज्यांचे कण पिवळट, तेलकट असतील आणि खाज सुटत असेल, त्यांनी माझी ही पद्धत उचलू नये. तिथे कीटोकोनाझोलचा शाम्पू लागतो, तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवून. त्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

कानामागची लाली अजून पुरती गेलेली नाही. ती जाईपर्यंत स्क्रबची बाटली वरच्या फळीवर.