आमची वाटचाल: हिरव्या ठिपक्याचं पुडिंग आणि पुण्याचा मे महिना

कोथरूडमधल्या आमच्या स्वयंपाकघरात पुडिंगचे कप भरायला लागलो तेव्हाच मी आणि माझ्या जाऊबाईंनी ठरवलं होतं की डब्यावर हिरवा ठिपका असलाच पाहिजे. आमची गिऱ्हाइकं म्हणजे मंगल कार्यालयांचे केटरर, मुंजी, डोहाळजेवणं आणि बिबवेवाडी-मार्केट यार्ड भागातली जैन कुटुंबं. तिथे जिलेटिन चालणारच नव्हतं. जिलेटिन जनावरांच्या कातडीतल्या आणि हाडांतल्या कोलॅजेनपासून काढतात, त्यामुळे ते घातलेला पदार्थ शाकाहारी म्हणून विकता येत नाही. राहिलं अगर अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास. ते लाल समुद्री शेवाळापासून बनतं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, रामेश्वरम-मंडपमच्या बाजूला, या शेवाळाची काढणी होते.

जाऊबाई हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या, त्यांचा हात जिलेटिनवर बसलेला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: जिलेटिनसारखा घास अगरला येत नाही. ते खरंही आहे. जिलेटिनचं पुडिंग साधारण 30 ते 35 अंशांना वितळतं आणि तोंडातली ऊब त्याहून थोडी जास्त असते, म्हणून ते जिभेवर आपोआप विरघळतं. अगर मात्र 85 अंशांच्या आसपास पोचल्याशिवाय वितळत नाही. तोंडात ते विरघळत नाही, तुटतं. प्रमाण जरा जास्त झालं की घास कडक आणि ठिसूळ लागतो.

पण जिलेटिनचा हाच गुण पुण्यात उन्हाळ्यात आडवा येतो. मे महिन्यात सिंहगड रस्त्यावरच्या कार्यालयात दुपारी पंगत बसते, बाहेर पारा 38-40 वर असतो आणि बुफेच्या टेबलावर कप तासभर तरी उभे असतात. तिथे जिलेटिनचं पुडिंग कडेने पाणीदार होतं आणि पाहुण्यांच्या हाती पोचेपर्यंत त्याचं दाट सरबत झालेलं असतं. अगरचं पुडिंग जसंच्या तसं राहतं. दुसरा फायदा आम्हाला भरताना कळला. अगरचं द्रावण 35-40 अंशांवर आलं की सेट होऊ लागतं, म्हणजे फ्रिजची वाट न बघता ओट्यावरच. एकदा सेट झालं की मात्र पुन्हा 85 पर्यंत तापवल्याशिवाय सुटत नाही. सेट होण्याचं आणि वितळण्याचं तापमान यांत एवढं अंतर आहे म्हणूनच आमचा धंदा उन्हाळ्यात चालतो.

घास मऊ करायचा तर अगर कमी घ्यायचं आणि मलई वाढवायची. आमच्या हापूस पुडिंगचं माप असं आहे. एक लिटरसाठी 200 मिली पाणी, 450 मिली दूध, 100 मिली मलई, 250 ग्रॅम आंब्याचा रस, 80 ग्रॅम साखर आणि साडेचार ग्रॅम अगर पावडर. एवढ्या अगरने कपात चमच्याने खाण्याइतकं मऊ पुडिंग तयार होतं. ताटलीत उलटं काढून उभं करायचं असेल, तर सात-आठ ग्रॅम लागेल.

पावडर आधी गार पाण्यात पाच मिनिटं भिजवून मग त्याच पाण्यात दोन-तीन मिनिटं चांगली उकळायची. दुधात ती सहज विरघळत नाही, म्हणून आधी पाण्यातच. चमचा वर उचलून उजेडात धरला की कळतं: बारीक कण दिसले तर अजून उकळायला हवं. न विरघळलेलं अगर नुसतं वाया जातं आणि पुडिंग सैल राहतं. मग गॅस बंद करून साखर, त्यानंतर गरम दूध आणि मलई घालायची. रस सगळ्यात शेवटी. तो फ्रिजमधून थेट काढलेला नसावा, नाहीतर त्याला लागलेलं अगर तिथल्या तिथे गोठतं आणि गुठळ्या होतात. रस अगरबरोबर उकळायचाही नाही, कारण आंबटपणात उकळी आली की अगरची ताकद घटते. शिवाय आंबा आंबूस असेल तर उकळत्या दुधात तो दूध फाडतो. सगळं एकत्र झाल्यावर मिश्रण 55-60 अंशांना असलं पाहिजे, म्हणजे निवांत कप भरता येतात.

अननसाची गोष्ट वेगळी. ताज्या अननसात, पपईत, किवीत प्रथिनं तोडणारी एंझाइम्स असतात. जिलेटिन हे प्रथिनच असल्यामुळे ते अशा फळांबरोबर सेट होत नाही, अननस आधी शिजवावा लागतो. अगर कर्बोदक आहे, त्याला या एंझाइम्सचं काही वाटत नाही. अननसाच्या कच्च्या फोडी घातलेला आमचा कप त्यामुळेच जमला.

खरी डोकेदुखी पावडरीची आहे. रविवार पेठेतून आणलेली दोन पाकिटं सारखी दिसली तरी त्यांची ताकद सारखी नसते, आणि पट्ट्यांचं चायना ग्रास पावडरीपेक्षा बरंच सौम्य निघतं. म्हणून नवीन पाकीट आलं की आधी चाचणी होते. 100 मिली पाण्यात एक ग्रॅम पावडर उकळून वाटीत ओतायची आणि रात्रभर झाकून ठेवायची. सकाळी वाटी वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा. साधारण सव्वाअकरा मिलिमीटर व्यासाची, सपाट टोकाची लाकडी काडी जेलवर सरळ, सावकाश दाबायची. तिचं टोक एक चौरस सेंटीमीटर भरतं. जेल फुटताना काट्याने दाखवलेला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे त्या पाकिटाची ताकद. एका पाकिटाचं जेल चारशे ग्रॅमच्या आसपास फुटलं आणि दुसऱ्याचं अडीचशेला, तर दुसऱ्यात साडेचार ग्रॅम पुरणार नाहीत. तेव्हा आम्ही लिटरला साडेपाच ग्रॅम या मापाने पाव लिटरचा एक घाणा करून बघतो. ताकद प्रमाणापेक्षा झपाट्याने वाढते, त्यामुळे नुसत्या हिशोबावर मोठा घाणा लावायचा नाही.

अगरचे दोष आम्ही केटररना आधीच सांगतो. त्याला हळूहळू पाणी सुटतं, दुसऱ्या दिवशी कपाच्या कडेला ते दिसतं. आम्ही आदल्या रात्री भरतो, त्याहून आधी नाही. आणि टेंपोच्या धक्क्याने एकदा तडा गेला की तो सांधत नाही, म्हणून पुडिंग थेट कपातच सेट करतो आणि कप खोक्यात घट्ट बसवतो.

एक गोष्ट मात्र जाऊबाई प्रत्येक ऑर्डरला स्वतः फोन करून सांगतात. जिलेटिनचं पुडिंग गरम झालं तर वितळून सांगतं तरी. अगरचं उन्हातसुद्धा ताठ उभं राहतं, पण आतलं दूध आणि रस त्या उन्हात खराब होत असतात. म्हणून कप बर्फाच्या खोक्यातूनच वाढायला काढायचे, थोडे थोडे करून. बाहेर काढलेला कप दोन तासांच्या आत खाल्ला गेला पाहिजे, मे महिन्यात तासाभरातच. उरलेले परत फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत. प्रत्येक खोक्यावर आम्ही कप भरल्याची वेळ लिहितो.