ठिबकच्या थेंबालाही गिऱ्हाईक असतं

«मोबाईलवर काढलेले शेतातले व्हिडिओ खरंच विकले जातात का? आणि काढायचं तरी काय?»

हो, विकले जातात. पण घेणाऱ्याला आपला व्हिडिओ बघत बसायचं नसतं. जाहिरातीत, बातमीत किंवा माहितीपटात त्याची काही सेकंदांची जागा रिकामी असते, ती त्याला भरायची असते. तयार क्लिपा विकणाऱ्या स्टॉक साइटवर सूर्यास्तांचे ढीग पडलेत. त्यापेक्षा आपल्या रावेर-यावलच्या केळीबागेत रोज चालणारं साधं काम काढा: घड कापणं, तो खांद्यावरून वाहून नेणं, बुंध्याशी ठिबकचं पाणी पडणं. एका क्लिपमध्ये एकच क्रिया.

ठिबकचंच घ्या. मोबाईल आडवा, छोट्या ट्रायपॉडवर, जमिनीलगत. 4K, सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. ऑटोवर ठेवलं की वाऱ्यानं पान हललं तरी चित्र उजळतं, पुन्हा मंद होतं, आणि तपासणारा क्लिप परत पाठवतो. बहुतेक साइट 5 ते 60 सेकंदांच्या क्लिपा घेतात. मी पंधराच्या आसपास ठेवतो, आणि आधी-नंतर दोन-दोन सेकंद जास्तीचे सोडतो, म्हणजे एडिटरला कापायला जागा मिळते.

आपल्याकडच्या उन्हात 1/50 वर चित्र पार पांढरं पडतं. बहुतेक मोबाईलच्या लेन्सचं छिद्र लहान करता येत नाही, म्हणून लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावावा लागतो. तो नसेल तर सकाळी लवकर, बागेच्या सावलीत काढा. नाहीतर मोबाईल शटर फार वेगवान करतो आणि पानांची हालचाल तुटक दिसते. फार अंधारातही नको. बुंध्याजवळच्या काळोखात चित्रावर दाणे उमटतात, ते मोबाईलच्या स्क्रीनवर कळत नाहीत. कॉम्प्युटरवर पूर्ण आकारात बघूनच पाठवा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते नावांकडे. ठिबकच्या नळीवर ठरावीक अंतराने कंपनीचं नाव छापलेलं असतं. फ्रेममध्ये ते आलं की क्लिप जाहिरातीसाठी चालत नाही. फार तर बातमी-माहितीपुरती, एडिटोरियल म्हणून जाते. काढायच्या आधी नळी थोडी फिरवा, नाव खाली जातं. खताची गोणी, ट्रॅक्टरचं बोनेट, टी-शर्ट यांचंही तेच.

क्लिप जाहिरातीसाठी द्यायची आणि माणसाचा चेहरा दिसत असेल तर मॉडेल रिलीजवर, म्हणजे त्याच्या संमतीच्या कागदावर, त्याची सही हवीच. नुसत्या हातांना सहसा लागत नाही, पण मनगटावर नाव गोंदलेलं असेल तर माणूस ओळखू येतो, तेव्हा सही घेतलेली बरी. कागद शेतातच भरून घ्या. मजूर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बागेवर असतात.

आवाज काढून टाका, त्यात कुणाचं बोलणं राहिलेलं असतं. शीर्षक आणि कीवर्ड इंग्रजीतच द्या, drip irrigation, banana plantation असे, कारण घेणारा हेच टाइप करून शोधतो. स्क्रीनवर जे दिसतं तेवढंच लिहा: क्लिपमध्ये शेतकरी नसेल तर farmer लिहू नका.