५२.९ ओव्हर म्हणजे नक्की किती?

आमच्या २० ओव्हरच्या क्रिकेट लीगचं पॉइंट्स टेबल मी ठेवतो. मॅच संपली की स्कोअरशीटवरून आकडे एक्सेलमध्ये टाकायचे आणि टेबल आयोजकांना पाठवायचं, एवढंच काम. तीन गट होते, प्रत्येक गटातला पहिला संघ सेमीत आणि चौथी जागा दुसऱ्या नंबरवाल्यांपैकी जो सरस त्याला. लाल आणि निळा हे संघ आपापल्या गटात दुसरे, दोघांचे तीन मॅचमध्ये दोन विजय, म्हणजे पॉइंट्स सारखे. गट वेगळे असल्यामुळे आपसात मॅचच झालेली नाही, तेव्हा सगळं नेट रनरेटवर आलं, म्हणजे ओव्हरला काढलेले रन वजा ओव्हरला दिलेले रन. शीट म्हणत होती निळा +०.३९४, लाल +०.१४५. मी मेल टाइप करून ठेवला होता, फक्त सेंड दाबायचं बाकी.

आणि नजर गेली ती निळ्याच्या "खेळलेल्या ओव्हर" या खान्यावर. ५२.९. आता ओव्हरच्या टिंबापुढे नऊ कसा येईल? सहावा बॉल पडला की ओव्हरच संपते, टिंबापुढे शून्य ते पाच एवढंच येऊ शकतं. म्हणजे शीट १७.५ ला साडेसतरा समजत होती, खरं तर ते सतरा ओव्हर पाच बॉल, म्हणजे १०७ बॉल. गेल्या सीझनपासून हीच शीट वापरतोय, तेव्हाचं काय झालं असेल ते आठवायची हिंमत झाली नाही.

सगळ्या ओव्हर बॉलमध्ये बदलून घेतल्या:

```
=INT(A2)*6+ROUND((A2-INT(A2))*10,0)
```

(ROUND का, तर १८.४ मधून १८ वजा केले की एक्सेलच्या पोटात ०.३९९९ असलं काहीतरी उरतं, आणि कुणी ROUND च्या जागी INT लावलं तर एक बॉल गायब.)

नवा हिशोब आला निळा +०.३३०, लाल +०.१६१. निळा अजून पुढेच, म्हटलं सुटलो. पण निळ्याची हरलेली मॅच मी स्वतः बघितली होती. ९८ ला ऑल आऊट १५.४ ओव्हरमध्ये, समोरच्यांनी १४.२ मध्ये ३ बाद ९९ करून मॅच संपवली, ३४ बॉल शिल्लक. एवढा मार खाल्लेला संघ प्लसमध्ये राहतो कसा? ती एकच मॅच वेगळी काढून बघितली तर शीटमध्ये फरक होता उणे ०.६५. म्हणजे ओव्हरला एक रनसुद्धा नाही. हे काही पटेना.

मग ट्यूब पेटली. ऑल आऊट झालेल्या संघाला त्याच्या कोट्याच्या पूर्ण ओव्हर मोजायच्या असतात, मग तो १५.४ मध्ये आटपू दे नाहीतर १० मध्ये. म्हणजे ९८ भागिले १५.६७ नाही, भागिले २०, रनरेट ६.२६ वरून सरळ ४.९०. मॅचचा फरक उणे २.०१ झाला, आता कसं त्या मॅचसारखं दिसायला लागलं.

निळ्याचे तीन मॅचचे रन १५२, १३१ आणि ९८ मिळून ३८१, बॉल १२० + १०७ + १२० म्हणजे ३४७. ओव्हरला ६.५८८. दिलेले रन १४०, १३० आणि ९९ मिळून ३६९, बॉल ३२६, ओव्हरला ६.७९१. वजाबाकी उणे ०.२०४. मॅचनिहाय रनरेट काढून त्यांची सरासरी घ्यायची नाही बरं का, आधी सगळे रन आणि सगळे बॉल एकत्र, मग एकदाच भागाकार.

लालच्या बाबतीत उलटं झालं. त्यांनी एका संघाला १८.३ ओव्हरमध्ये १२० ला गुंडाळलं होतं, तिथेही पूर्ण २० धरायच्या, मग दिलेल्या रनांचा रेट ६.५६७ वर उतरला आणि नेट +०.३२९ वर गेला. म्हणजे नुसते बॉल दुरुस्त करून थांबलो असतो तर चुकीचा संघ सेमी खेळला असता.

मेल बदलला, पाठवला, आणि दहा मिनिटांत निळ्याच्या मॅनेजरचा फोन. "अहो, आमची पोरं १५.४ ओव्हरच खेळली ना, मग २० कुठून काढल्या?" मी म्हटलं, "सर, खेळलेल्याच मोजल्या तर हरणाऱ्या संघाने आडवीतिडवी बॅट फिरवून १० ओव्हरमध्ये ८० ला आऊट व्हावं, रनरेट आठचा. आणि पूर्ण २० खेळून १२० करणाऱ्याचा सहाचा. चालेल?"

पलीकडे शांतता. मग कागदाचा आवाज, कॅल्क्युलेटरची टकटक. "उणे पॉइंट दोन शून्य चार?"

"हो सर, तेवढंच."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. मी गेल्या सीझनची फाइल उघडली.