दोन ते पाचमधले तेवीस मेसेज

मंगळवार, रात्री उशिरा

संध्याकाळी मामेबहीण कोथरूडला घरी आली आणि पोहे संपायच्या आत फोन माझ्या हातात दिला. "ताई, तूच वाच. मला काही कळेनासं झालंय." डेटिंग ॲपवर ओळख झालेला मुलगा. तिसरा आठवडा चालू आहे, प्रत्यक्ष भेट अजून नाही.

पहिल्या आठवड्यात रोजचे शंभरावर मेसेज. नुसत्या आकड्यावरून मी काही ठरवत नाही. तीही रात्री एकपर्यंत तेवढ्याच हौसेने लिहीत होती. खटकलं ते वेगळंच. पाचव्या दिवशी "तुझ्याशिवाय जगूच शकत नाही", आठव्या दिवशी होणाऱ्या मुलांची नावं. आणि आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल तिने दोनदा लिहिलेलं, त्यावर एक अक्षर नाही. "तू सगळ्यांपेक्षा वेगळी आहेस" पन्नासदा आहे, कशात वेगळी ते कुठेच नाही. ही स्तुती कुणालाही पाठवता आली असती.

खरं कळलं ते कालच्या चॅटवरून. बाणेरच्या ऑफिसात तिचं प्रेझेंटेशन होतं, दोन ते पाच फोन बॅगेत. त्या वेळात त्याचे तेवीस मेसेज. आधी "जेवलीस?", मग "कुठे आहेस?", मग "माझं काही चुकलं का?", साडेचारला "तुला माझी किंमतच नाही". तिने पाचला माफी मागितल्याबरोबर हृदयांचा पाऊस, "जीव लावलाय ना, म्हणून!" ती म्हणाली, किती काळजी करतो. मला त्या तेवीस मेसेजांपेक्षा तिची माफी जास्त बोचली. मीटिंगमध्ये असल्याबद्दल माफी? उशीर झाला की टोचणी, उत्तर दिलं की लाड. असं चार वेळा झालं की माणूस आपणहून फोन उशाशी घेऊन बसतो. मैत्रिणींशी बोलायला, शांतपणे विचार करायला मधे फटच उरत नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत युनिफिकेशन चर्च या धार्मिक पंथाचे लोक नव्या माणसाला असंच प्रेमाने घेरून ठेवत, एकटं सोडत नसत. अशा घेरण्याला लव्ह-बॉम्बिंग म्हणतात, तो शब्द तेव्हापासूनचा.

भाबडा, उतावळा मुलगाही इतकं लिहू शकतो, हे मी तिला सांगितलं. म्हणून ठरवलं की त्याला सरळ लिहायचं: "दहा ते सहा फोन बघणार नाही, रात्री नऊला बोलू." उतावळा असेल तर खट्टू होईल, पण थांबेल. मुद्दाम घेरणारा असेल तर एखाद-दोन दिवस ऐकतो आणि मग मागच्या दाराने येतो: ऑफिसात फुलं, मैत्रिणीला मेसेज, "मी आजारी आहे". त्यामुळे दोन दिवसांच्या शहाणपणावर जायचं नाही, दोन-तीन आठवडे तरी बघायचं.

तिने माझ्यासमोरच मेसेज टाकला. पाचव्या मिनिटाला उत्तर: "कोणी शिकवलं तुला हे?"

ब्लॉक कर असं मी म्हटलं नाही. तिने नोटिफिकेशन बंद केली आणि सगळं चॅट स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवलं, म्हणजे त्याने नंतर मेसेज डिलीट केले तरी आपल्याकडे राहील. रविवारी पुन्हा येते म्हणाली.