आमची वाटचाल: गर्दी आधी, छत नंतर

सुरुवातीला आम्ही स्टेशनच्या कॉनकोर्सचं, म्हणजे प्रवाशांच्या मोठ्या दालनाचं, संगणकी चित्र म्हणजेच रेंडर पूर्ण करायचो आणि माणसं शेवटी फोटोशॉपमध्ये चिकटवायचो. आता सगळ्यात आधी माणसं उभी करतो. आधारांमध्ये मोठं अंतर असलेल्या, म्हणजे मोठ्या गाळ्याच्या छताची भव्यता छताकडे बघून कळत नाही, खालच्या माणसाकडे बघून कळते. प्रकाशही त्या माणसांमुळे बदलतो.

एक नमुना घेऊ. रुळांवर बांधलेला, 36 मीटर रुंद आणि 90 मीटर लांब कॉनकोर्स. दर 9 मीटरला पोलादी ट्रस, म्हणजे त्रिकोणी जाळीची तुळई, ट्रसची उंची 2.7 मीटर, खालची बाजू फरशीपासून 9 मीटरवर. छताला उत्तरेकडे तोंड केलेल्या काचा.

मॉडेल हातात आलं की पहिली तपासणी एककांची. मिलिमीटरमधली फाइल मीटर समजून उघडली गेली, तर माणसं मुंग्यांसारखी दिसतात. ते लगेच कळतं. फसवते ती फरशी. अंधांसाठीची पिवळी उठावाची लादी 300 मिलिमीटरची असते. मॉडेलवर चढवलेलं लादीचं चित्र, म्हणजे टेक्श्चर, ताणलं जाऊन ती 450 ची झाली, तर बघणाऱ्याची नजर लादीवर विश्वास ठेवते आणि 36 मीटरचा गाळा 24 चा वाटू लागतो.

मग कॅमेरा. तो 1.55 मीटरवर ठेवला आणि फरशी सपाट असली, तर साधारण तेवढ्याच उंचीवर डोळे असलेल्या प्रत्येक उभ्या माणसाचे डोळे क्षितिजरेषेवर येतात, मग तो 5 मीटरवर असो की 80 वर. मागच्या रांगेतली डोकी या रेषेच्या बरीच खाली उतरली, तर माणसं चुकीच्या मापाची आहेत किंवा फरशीत रुतली आहेत. मुलं, बसलेली माणसं आणि सरकत्या जिन्यावरची मंडळी या हिशेबातून वगळायची. कॅमेरा वरच्या गॅलरीत, 5.5 मीटरवर नेला तर हिशेब वेगळा: 1.65 मीटरचा माणूस पावलांपासून क्षितिजापर्यंतच्या अंतराचा बरोबर 30 टक्के भाग व्यापतो. स्क्रीनवर पट्टी धरून मोजता येतं.

विकतच्या संग्रहातले पुरुष बहुतेक 1.80 मीटरचे आणि ओव्हरकोटातले असतात. आपल्या स्टेशनसाठी ते 0.92 पटीने लहान करतो. कोट मात्र लहान करून जात नाही, तिथे साडी, सॅक आणि पोतं हवंच. माणसं सारख्या अंतरावर पेरली की शाळेची प्रार्थना वाटते. आम्ही तिकीट खिडकीपाशी दाट, जिन्याच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली आणि खांबाच्या बुडाशी सामानावर बसलेली कुटुंबं असे तीन थर लावतो. 3240 चौरस मीटरमध्ये 400 माणसं, म्हणजे माणशी सुमारे 8 चौरस मीटर. डोळ्याच्या उंचीवरून एवढी गर्दी भरपूर दिसते, कारण पुढची माणसं मागची फरशी झाकतात. गॅलरीतून तीच विरळ वाटते.

माणसांची सगळीच मॉडेलं जड नकोत. 24 मिलिमीटरची लेन्स आणि 4000 पिक्सेल रुंदी धरली, तर 60 मीटरवरचा माणूस जेमतेम 73 पिक्सेल उंच येतो, 10 मीटरवरचा 440. चेहरा आणि कपड्याची घडी फक्त जवळच्या दहा-पंधरा जणांना लागते.

आता प्रकाश. ढगाळ आकाशाचा प्रमाणित नमुना असा आहे:

```
L = Lz × (1 + 2 sin γ) / 3
```

L ही आकाशाच्या एखाद्या भागाची तेजस्विता, γ ही त्या भागाची क्षितिजापासूनची कोनातली उंची, Lz ही डोक्यावरच्या आकाशाची तेजस्विता. म्हणजे माथा क्षितिजाच्या तिप्पट उजळ. असा मऊ प्रकाश वरून येतो, म्हणून ट्रसची खालची बाजू फक्त फरशीवरून उसळलेल्या उजेडावर जगते. रिकाम्या कॉनकोर्समध्ये छत छान उजळतं; 400 माणसं गडद कपड्यांत आली की फरशी झाकली जाते आणि छत काळवंडतं. इथे लपवलेला दिवा लावायचा मोह होतो. तो लावला की माणसांच्या हनुवटीखाली खोटा उजेड येतो. त्यापेक्षा फरशीचं परावर्तन तपासा: फिकट ग्रॅनाइटला 0.35 ते 0.4, पांढऱ्या रंगाला 0.8. पांढरा 1.0 ठेवला, तर उजेड विझतच नाही आणि सगळं दुधात बुडतं.

मऊ प्रकाशात लांब सावल्या पडत नाहीत, पण बुटाच्या टाचेखाली बोटभर गडद पट्टा राहतोच. तो नसला की माणूस तरंगतो. चिकटवलेली माणसं इथेच पकडली जातात, त्यातून नाकाची कडक सावली असलेला उन्हातला फोटो असेल तर हमखास.

आणि उत्तरेची काच म्हणजे ऊन नाही, हे मुंबईत वर्षभर खरं नाही. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारीही किंचित उत्तरेला असतो. म्हणून ढगाळ आकाशाच्या रेंडरसोबत मेअखेरच्या सकाळचं निरभ्र रेंडरही आर्किटेक्टला पाठवतो. त्यात तिकिटांच्या रांगेवर उन्हाचे पट्टे पडलेले दिसले, तर काचांवर आडोसा लावायची चर्चा नकाशातच होते.